एनएमएमएसचं परिपत्रक, पालकांसाठी

आठवीतल्या मुलीचा एनएमएमएसमध्ये नंबर लागतो. शाळेच्या फलकावर नाव झळकतं, ग्रामसभेत सत्कार होतो, वडील चार लोकांत ताठ मानेने सांगतात. पुढे नववी संपते, दहावी संपते आणि खात्यात एक रुपयाही आलेला नसतो. मग गावात बोललं जातं की पैसे वरच्या वर कुणीतरी खाल्ले. पुष्कळदा तसं काही झालेलं नसतं. नववीत गेल्यावर आपल्याला पुन्हा एक अर्ज भरायचा होता, हेच घरात कुणाला कळलेलं नसतं. ते परिपत्रकात मात्र लिहिलेलं असतं.

एनएमएमएस म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती योजना. ही केंद्र सरकारची योजना २००८ मध्ये सुरू झाली. देशभरात दर वर्षी एक लाख मुलांची निवड होते आणि त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ जागा येतात. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी अशी चार वर्षं दर वर्षी १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० होतात. ज्या घरात मुलीला दहावीनंतर शिकवायचं की नाही याचा निर्णय एसटीच्या पासावर आणि वह्या-पुस्तकांच्या खर्चावर ठरतो, त्या घरात ही रक्कम निर्णय फिरवू शकते. म्हणूनच ती अर्ज न भरल्यामुळे बुडते तेव्हा मला फार वाईट वाटतं.

आता परिपत्रकाकडे येऊ. ते पालकांना उद्देशून लिहिलेलंच नसतं. वर ‘प्रति, शिक्षणाधिकारी (माध्यमिक)’ असतं, मग विषय, मग संदर्भ, मग आधीच्या शासन निर्णयांचे क्रमांक. शेवटी या धाटणीचं एक वाक्य येतं: सदर योजनेअंतर्गत निवड झालेल्या विद्यार्थ्यांचे नवीन तसेच नूतनीकरणाचे अर्ज विहित मुदतीत राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरून घेऊन संस्था स्तरावरील पडताळणी पूर्ण करण्याची दक्षता संबंधित मुख्याध्यापकांनी घ्यावी.

कार्यालयासाठी हे वाक्य पुरेसं आहे. पालकांसाठी त्यात तीन वेगवेगळ्या माणसांची चार कामं एकत्र कोंबली आहेत. हे कागद सोपे करायला बसणाऱ्या शिक्षकाने पहिल्यांदा हातात पेन घ्यावं आणि प्रत्येक क्रियापदाशेजारी ते काम कुणी करायचं हे लिहावं. ‘अर्ज भरणे’ हे मुलीचं आणि पालकांचं काम आहे. ‘पडताळणी’ शाळेचं आणि त्यानंतर जिल्ह्याचं. ‘मुदत’ दोघांनाही आहे. मग वरचं वाक्य असं होतं: तुमच्या मुलीची निवड झाली आहे, पण पैसे आपोआप येणार नाहीत. ती नववीत गेली की ऑनलाइन अर्ज भरा. अर्ज भरल्यावर शाळेत सांगा. शाळेने तो पुढे पाठवला का, हे आठ दिवसांनी जाऊन विचारा.

वाक्यं वाढली, पण कुणी काय करायचं ते स्पष्ट झालं. सोपं करणं म्हणजे कापून लहान करणं, असं समजून अनेक जण अटीच गाळतात आणि नुकसान तिथेच होतं. परिपत्रक अधिकाराच्या क्रमाने लिहिलेलं असतं, वरून खाली. पालकांच्या कागदावर तेच महिन्यांच्या क्रमाने यायला हवं: आधी काय, नंतर काय. मुख्याध्यापकांच्या लॉगिनबद्दलचा मजकूर खुशाल काढून टाकावा. मुलगी अपात्र ठरू शकेल अशी एकही अट मात्र काढू नये.

हे एका घराच्या उदाहरणाने पाहू. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातलं एक ऊसतोड कुटुंब समजा. आईवडील दसरा झाला की टोळीबरोबर कारखान्यावर जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. मुलगी आजीजवळ राहून गावच्या शाळेत आठवी शिकते. वडिलांकडे एक मोबाइल आहे आणि घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं त्याच नंबरला जोडलेली आहेत. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं तिथेच अडणार आहे.

आधी मुलगी पात्र आहे का ते पाहायचं. शाळा सरकारी, जिल्हा परिषदेची, नगरपालिकेची किंवा अनुदानित हवी. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय विद्यालय आणि सैनिकी शाळेतली मुलं बसू शकत नाहीत. सरकारी वसतिगृहात राहणं, जेवण आणि शिक्षण अशी तिन्ही सोय घेणारी मुलंही बसू शकत नाहीत. सातवीत ५५ टक्के गुण हवेत. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना ५० टक्के चालतात. आईवडिलांचं मिळून वर्षाचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तलाठ्याच्या अहवालावरून सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून मिळतो आणि त्याला वेळ लागतो. जूनमध्येच अर्ज दिलेला बरा, कारण पुढे दहावी-बारावीच्या प्रवेशांसाठी केंद्रात रांगा लागतात.

परीक्षेचा अर्ज पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद मागवते आणि तो शाळाच आपल्या लॉगिनमधून भरते. पालकांनी इथे एकच काम नीट करायचं: नाव तपासायचं. आधारवर इंग्रजीत Pooja आणि शाळेच्या अर्जात Puja, एवढ्याशा फरकाने पुढे नववीत पोर्टलवर गाडी अडते. आधार, शाळेचं जनरल रजिस्टर आणि परीक्षेचा अर्ज या तिन्ही ठिकाणी नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर सारखी हवी. फरक असेल तर दुरुस्ती आठवीच्या सुरुवातीला करावी. निकाल लागल्यावर धावपळ करून ती होईलच असं नाही.

इथे एक घोळ नेहमी होतो. राज्याची शालेय शिष्यवृत्ती परीक्षाही हीच परिषद घेते. गावात दोन्हींना ‘स्कॉलरशिप’ म्हणतात, त्यामुळे एक दिली म्हणजे दुसरी झाली असं वाटतं. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत, दोन्हींचे अर्ज वेगळे आणि पैसेही वेगळे. मुलीने दोन्ही द्याव्यात.

एनएमएमएसची परीक्षा साधारण डिसेंबरमध्ये होते. एक पेपर बुद्धिमत्तेचा, दुसरा शालेय विषयांचा. दोन्ही नव्वद-नव्वद गुणांचे. उत्तीर्ण होण्यासाठी दोन्ही मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातीसाठी ३२ टक्के, म्हणजे ५८ गुण. पण उत्तीर्ण होणं आणि निवड होणं वेगळं. जागा मर्यादित असतात आणि त्या जिल्ह्यानुसार व प्रवर्गानुसार वाटलेल्या असतात, म्हणून १०० गुण मिळूनही नाव निवड यादीत नसू शकतं. निकाल पाहताना दोन याद्या पाहायच्या: उत्तीर्णांची आणि निवड झालेल्यांची.

उत्तीर्ण झालेल्या पण निवड न झालेल्या मराठा आणि कुणबी समाजातल्या मुलांसाठी एक वाट खुली आहे, आणि ती या मुलांच्या घरी फारशी पोहोचत नाही. सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती याच मुलांसाठी आहे. तिच्यात महिन्याला ८०० रुपयांप्रमाणे वर्षाला ९,६०० रुपये नववी ते बारावी मिळतात. त्यासाठी वेगळी परीक्षा नाही. एनएमएमएसचंच गुणपत्रक चालतं. तिचे अर्ज शाळेमार्फत जातात. यादीत नाव नाही म्हणून निराश होऊन घरी आलेल्या मुलीला कुणीतरी हे सांगायला हवं.

आपल्या उदाहरणातली मुलगी निवड यादीत आली असं धरू. आठवीच्या वार्षिक परीक्षेतही तिला ५५ टक्के हवेत. ही अट कुणी सांगतच नाही. जूनमध्ये ती नववीत जाते आणि खरं काम आता सुरू होतं. `scholarships.gov.in` या राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आधी तिचा एकदाच काढायचा नोंदणी क्रमांक काढावा लागतो. त्याला ओटीआर म्हणतात. हा चौदा अंकी क्रमांक पुढेही कामाला येतो. तो काढताना आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो आणि मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर मुलीचा चेहरा दाखवावा लागतो.

मघाचा मोबाइल आठवा. पोर्टल पावसाळ्यात उघडतं, पण मुदत वाढत गेली की लोक काम पुढे ढकलतात. दसरा उलटतो आणि मोबाइल वडिलांबरोबर कारखान्यावर जातो. मुलगी सायबर कॅफेत बसलेली, ओटीपी गेला कोल्हापूरच्या उसाच्या फडात, वडील मोळ्या बांधतायत, फोन कोपीत चार्जिंगला. दहा मिनिटांत ओटीपी बाद होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. या घरासाठी परिपत्रकातली शेवटची तारीख काही कामाची नाही. त्यांची शेवटची तारीख दसरा आहे, आणि त्यांच्या कागदावर तीच लिहायला हवी. आधारला आजीजवळ राहणारा एखादा नंबर जोडता आला, तर त्याहून चांगलं. ते काम आधार केंद्रात होतं.

पोर्टलवर दोन प्रकारचे अर्ज असतात, फ्रेश आणि रिन्यूअल. नववीत फ्रेश भरायचा. दहावी, अकरावी आणि बारावीत रिन्यूअल. नववीचा फ्रेश अर्ज राहिला की दहावीत नव्याने सुरुवात करता येत नाही. एका वर्षाची चूक असली तरी चारही वर्षांचे ४८,००० रुपये जातात. शाळेत सत्कार करताना दोन मिनिटं काढून हे पालकांना मोठ्याने सांगावं, अशी माझी प्रत्येक मुख्याध्यापकाला विनंती आहे.

अर्ज भरून प्रिंट काढली की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात अर्ज आता शाळेच्या टेबलावर गेलेला असतो. शाळेतले नोडल शिक्षक तो तपासून पुढे पाठवतात, मग जिल्ह्याचे नोडल अधिकारी तपासतात. दोन्ही टप्पे पार पडले तरच पैसे निघतात. या दोन्ही ठिकाणांहून अर्ज ‘डिफेक्ट’ म्हणून परत येऊ शकतो. कागद अस्पष्ट आहे, उत्पन्नाचा दाखला जुना आहे, वर्ग चुकला आहे, अशी कारणं असतात. डिफेक्ट म्हणजे नामंजूर नव्हे. तेवढी चूक दुरुस्त करून अर्ज पुन्हा पाठवायचा असतो, पण मुदतीच्या आत. अर्ज परत आला आहे हे घरी सांगायला कुणी येत नाही. म्हणून ओटीआर क्रमांक आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवायचा आणि दर पंधरा दिवसांनी पोर्टलवर अर्ज कुठवर गेला ते पाहायचं. मुलगी हे स्वतः शाळेच्या संगणकावर करू शकते. पासवर्ड कॅफेवाल्याकडेच राहिला तर पुढच्या वर्षी त्याला शोधत फिरावं लागतं.

आता खात्याकडे. जिल्ह्याची मंजुरी मिळाल्यावरही पैसे न येण्याचं मोठं कारण बँकेत असतं. पालक म्हणतात, ‘खात्याला आधार लिंक आहे.’ बँकेत आधारची झेरॉक्स दिली, केवायसी झाली, म्हणजे लिंक झालं असं त्यांना वाटतं. सरकारी पैशासाठी तेवढं पुरत नाही. मुलीच्या आधार क्रमांकावर येणारे पैसे कोणत्या बँकेत टाकायचे, याची एक वेगळी नोंद असते आणि त्या नोंदीत एकाच बँकेचं नाव राहतं, शेवटी जोडलेल्या बँकेचं. मुलीचं जिल्हा बँकेत एक खातं आहे आणि मागे एखाद्या शिबिरात पोस्ट पेमेंट्स बँकेचं दुसरं उघडलं होतं, असं अनेक घरांत असतं. पासबुक एका बँकेचं दाखवलं जातं आणि पैसे दुसऱ्याच खात्यात जाऊन बसतात. ‘आलेच नाहीत’ म्हणणाऱ्या काही घरांत पैसे आलेले असतात, पण कुणीच न उघडलेल्या खात्यात.

हे घरबसल्या तपासता येतं. आधारच्या `myaadhaar.uidai.gov.in` या साइटवर मुलीच्या आधार क्रमांकाने लॉगिन करून बँक सीडिंगची स्थिती पाहायची. तिथे बँकेचं नाव आणि ती नोंद चालू आहे की नाही हे दिसतं. नोंद रिकामी किंवा बंद असेल, तर बँकेत जाऊन ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग करायचं आहे’ असं नेमक्या याच शब्दांत सांगायचं. नुसतं ‘आधार लिंक करा’ म्हटलं की पुन्हा केवायसीचाच फॉर्म हातात पडतो. खातं मुलीच्या स्वतःच्या नावावर हवं. आईच्या किंवा वडिलांच्या खात्यावर ही शिष्यवृत्ती येत नाही. आणखी एक गोष्ट याच वयात समोर येते. मुलगी पंधरा वर्षांची झाली की आधारमधले बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते. ती राहिली तर पडताळणी अडू शकते.

पुढच्या वर्षांचं थोडक्यात. नववीतून दहावीत आणि अकरावीतून बारावीत पहिल्याच प्रयत्नात पास व्हायला हवं. दहावीला ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातीला ५५. अकरावीचं कॉलेजही सरकारी किंवा अनुदानितच असावं लागतं. एकाच कॉलेजात अनुदानित आणि विनाअनुदानित अशा दोन्ही तुकड्या असू शकतात, म्हणून प्रवेश घेतानाच आपली तुकडी कोणती ते विचारावं. आयटीआय किंवा डिप्लोमाला गेल्यास ही शिष्यवृत्ती थांबते. डिप्लोमाला जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण दहावीनंतर काय निवडायचं हे ठरवताना हे २४,००० रुपये हिशेबात धरलेले असावेत.

हे सगळं एका पानात बसवून मुलीच्या घरी द्यायचं झालं, तर मी असं लिहीन. तारखांच्या जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या आहेत, कारण त्या दर वर्षी बदलतात. शिक्षकांनी त्या हाताने भराव्यात.

तुमच्या मुलीची एनएमएमएस शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आहे. वर्षाला १२,००० रुपये, चार वर्षं. पैसे मिळण्यासाठी ही कामं करा.

१. जूनमध्ये उत्पन्नाचा दाखला काढायला द्या.
२. आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव सारखं आहे का, ते शाळेत येऊन दाखवा.
३. मुलीच्या नावाच्या खात्यात डीबीटीसाठी आधार सीडिंग आहे का, ते बँकेत विचारा.
४. पोर्टल सुरू झालं की, ______ तारखेला, आधारशी जोडलेला मोबाइल घेऊन मुलीबरोबर शाळेत या. फ्रेश अर्ज त्याच दिवशी भरू. ऊसतोडीला जाणार असाल तर दसऱ्याच्या आधी या.
५. ओटीआर क्रमांक आणि पासवर्ड मुलीच्या वहीत लिहून घ्या.
६. पंधरा दिवसांनी विचारा: शाळेने पुढे पाठवला का? त्यानंतर विचारा: जिल्ह्याने मंजूर केला का?
७. अर्ज परत आला तर घाबरू नका. काय चुकलं ते विचारून ______ तारखेच्या आत दुरुस्त करा.
८. दहावीत, अकरावीत आणि बारावीत दर वर्षी रिन्यूअल अर्ज भरा.

अडचण आली तर शाळेत यांना भेटा: ______

शेवटची रिकामी जागा सर्वांत महत्त्वाची आहे. ‘शाळेशी संपर्क साधावा’ असं लिहिलं की पालक शिपायाला विचारून परत जातो. तिथे एका शिक्षकाचं नाव आणि भेटण्याची वेळ असेल तर तो पुन्हा येतो. हा कागद फलकावर लावून भागणार नाही. आजीच्या हातात द्यावा आणि एकदा वाचून दाखवावा. आजीला वाचता येत नसेल तर मुलगी वाचेल, पण तो घरात हवा.

तुमच्या गावात, तुमच्या वाडीवर यंदा नववीत गेलेलं, एनएमएमएसच्या यादीत नाव आलेलं मूल असेल, तर दसऱ्याच्या आत त्याच्या घरी जा आणि एवढंच विचारा: फ्रेश अर्ज भरला का?